अनेक टिंबे असलेल्या फाइलनावांतून एक्स्टेन्शन वेगळे काढणे

शाळेचे दप्तर संगणकावर ठेवण्याचा प्रघात पडल्यापासून शिक्षकांच्या हाती एक नवे काम आले आहे. ते म्हणजे आलेल्या फाइलींची यादी करणे व कोणत्या प्रकारच्या किती फाइली आल्या याचा गोषवारा काढणे. केंद्रशाळेत दहाबारा शाळांकडून निकालपत्रे, छायाचित्रे, दाखल्यांच्या प्रती व सभांची इतिवृत्ते येतात. "केवळ पीडीएफ स्वरूपातील कागद पुढे पाठवावेत" अशी सूचना असते. मग दोनतीनशे नावांच्या यादीतून पीडीएफ कोणते व छायाचित्रे कोणती हे निवडावे लागते. डोळ्यांनी हे काम केल्यास एखादे नाव सुटते. आणि सुटलेले नाव जर एखाद्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतच्या दाखल्याचे असेल, तर तो दाखला "अप्राप्त" म्हणून नोंदला जातो. दाखला वास्तविक आलेला असतो. चूक केवळ यादी वाचण्यातील असते. हे काम तक्त्यातील सूत्राने बिनचूक कसे करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

विषयप्रवेश

फाइलीच्या नावाच्या अखेरीस टिंब देऊन जी दोनचार अक्षरे लिहिलेली असतात, त्यांस एक्स्टेन्शन म्हणतात. `हजेरी.pdf` ह्या नावात `pdf` हे एक्स्टेन्शन होय. शब्दास लागलेल्या प्रत्ययावरून जसे त्याचे वाक्यातील कार्य कळते, तसे एक्स्टेन्शनवरून ही फाइल कोणत्या प्रकारची आहे व कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडावयाची, हे संगणकास कळते.

पूर्वी ही बाब अगदी सोपी होती. एमएस-डॉस ह्या जुन्या प्रणालीत फाइलीचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे, त्यापुढे एकच टिंब व त्यापुढे जास्तीत जास्त तीन अक्षरांचे एक्स्टेन्शन, असा बांधलेला नियम होता. नावात दुसरे टिंब घालताच येत नसे. १९९५ साली विंडोज ९५ ही प्रणाली आली आणि लांब नावे लिहिण्याची मुभा सर्वसामान्य वापरात आली. तेव्हापासून नावाच्या मध्येही हवी तितकी टिंबे देता येऊ लागली, आणि चार किंवा अधिक अक्षरांची एक्स्टेन्शनेही रूढ झाली.

मराठी शाळांच्या बाबतीत ही मुभा विशेष अडचणीची ठरते. मराठीत संक्षेप लिहिताना टिंब देण्याची रीत आहे. "जि.प.", "इ.४थी", "दि." असे आपण कागदावर लिहितो, तसेच फाइलीच्या नावातही लिहितो. तारखेतील दिवस, महिना व वर्ष यांमध्येही टिंबेच देतो. म्हणून शाळांकडून येणाऱ्या नावांत एकाऐवजी तीनचार टिंबे सर्रास आढळतात. त्यांपैकी कोणते टिंब एक्स्टेन्शनचे, हाच ह्या पाठातील मुख्य प्रश्न होय.

अभ्यासासाठी पुढील सात नावे घ्यावीत. तक्त्याच्या पहिल्या ओळीत मथळा असून दुसऱ्या ओळीपासून `A` ह्या रकान्यात ही नावे लिहिली आहेत, असे समजावे.

```
A2   हजेरी.pdf
A3   जि.प.शाळा.निकाल.xlsx
A4   ध्वजवंदन.15.08.2024.jpeg
A5   इ.4थी.चाचणी.PDF
A6   पालकसभा इतिवृत्त
A7   इ.3री वाचन
A8   दाखला.pdf.exe
```

सहज सुचणाऱ्या, परंतु चुकणाऱ्या रीती

पहिली रीत अशी सुचते की, नावाची शेवटची तीन अक्षरे घ्यावीत. त्यासाठी `=RIGHT(A2,3)` असे सूत्र लिहिले जाते. `हजेरी.pdf` यास ते बरोबर लागू पडते, म्हणून मनुष्य निश्चिंत होतो. परंतु `xlsx` मधील शेवटची तीन अक्षरे `lsx` अशी येतात आणि `jpeg` मधील `peg` अशी. आठ-तीनच्या जुन्या नियमाच्या काळात ही रीत बव्हंशी चालून गेली असती. आज ती चालत नाही.

दुसरी रीत अशी की, टिंब कोठे आहे ते शोधून त्यापुढील भाग घ्यावा. `FIND` हे कार्य टिंब शोधून देते खरे. परंतु ते डावीकडून उजवीकडे शोधीत जाते व जे पहिले टिंब भेटेल तेथेच थांबते. त्यामुळे तिसऱ्या ओळीतील नावाचे एक्स्टेन्शन `प.शाळा.निकाल.xlsx` असे निघते, आणि चौथ्या ओळीतील `15.08.2024.jpeg` असे.

तिसरी रीत म्हणजे "टेक्स्ट टू कॉलम्स" ही सोय वापरून प्रत्येक टिंबापाशी नाव तोडणे. ह्यात `हजेरी.pdf` चे दोन तुकडे होतात, तर तिसऱ्या ओळीतील नावाचे पाच. एक्स्टेन्शन कधी दुसऱ्या रकान्यात, कधी पाचव्यात जाऊन बसते. एकाच रकान्यात सर्व एक्स्टेन्शने यावीत हा जो हेतू, तो साधत नाही.

तिन्ही रीतींचे दोष ताडून पाहिले म्हणजे योग्य नियम आपोआप हाती येतो. एक्स्टेन्शनची लांबी ठरलेली नाही, टिंबांची संख्याही ठरलेली नाही. ठरलेली गोष्ट एकच आहे. ती ही की, एक्स्टेन्शन शेवटच्या टिंबानंतर येते. तेव्हा शेवटचे टिंब शोधावयाचे आहे. परंतु वर सांगितल्याप्रमाणे `FIND` पहिले टिंब शोधते. शेवटचे टिंब त्याला कसे दाखवावे, एवढीच युक्ती शिकावयाची आहे.

युक्ती प्रथम फळ्यावर

संगणकापाशी जाण्यापूर्वी ही युक्ती फळ्यावर करून पाहणे हिताचे. फळ्यावर `जि.प.शाळा.निकाल.xlsx` असे लिहावे. ह्यात टिंबे किती, ते मोजावे. चार आहेत. ज्या अर्थी एकूण टिंबे चार, त्या अर्थी चौथे टिंब हेच शेवटचे. आता ते चौथे टिंब पुसून त्याच्या जागी तिरकी रेघ लिहावी. नाव असे दिसेल: `जि.प.शाळा.निकाल/xlsx`. ह्या नावात तिरकी रेघ एकच आहे. ती शोधण्यास आता पहिली की शेवटची हा प्रश्नच उरत नाही. रेघ सापडली की तिच्या उजवीकडील सर्व अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन.

म्हणजे काम तीन पायऱ्यांचे झाले: टिंबे मोजणे, शेवटच्या टिंबाला निराळी खूण करून तिचे स्थान काढणे, व त्या स्थानापुढील भाग घेणे. प्रत्येक पायरीस एक रकाना द्यावा. एका लांबलचक सूत्रात सर्व कोंबण्यापेक्षा असे करणे बरे. कारण चूक झाल्यास ती कोणत्या पायरीत झाली हे लगेच दिसते.

पहिली पायरी: टिंबे मोजणे

टिंबे मोजण्याचे स्वतंत्र कार्य तक्त्यात नाही. ते वजाबाकीने साधावे लागते. नावाची एकूण लांबी काढावी. मग सर्व टिंबे काढून टाकलेल्या नावाची लांबी काढावी. दोहोंतील फरक हीच टिंबांची संख्या. `B2` मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,".",""))
```

`LEN` हे लांबी सांगते. `SUBSTITUTE` हे एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह घालते. येथे टिंबाच्या जागी काहीच घातलेले नाही, म्हणून टिंबे गळून पडतात. तिसऱ्या ओळीतील नावाची लांबी २० येते, टिंबे काढल्यावर १६ राहते, आणि फरक ४ येतो.

येथे एक शंका हमखास निघते. "जि" हे एकच अक्षर असता लांबी २० कशी भरली? संगणक "जि" हे "ज" व वेलांटी अशी दोन चिन्हे म्हणून मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र गणली जातात. त्यामुळे `हजेरी` ह्या तीन अक्षरी शब्दाची लांबी ५ येते. ह्या मोजणीने उत्तर बिघडत नाही. कारण पुढील सर्व पायऱ्यांतही संगणक ह्याच मापाने मोजतो. हाताने पडताळा पाहताना मात्र ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी पायरी: शेवटच्या टिंबाचे स्थान

`C2` मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
=IF(B2=0,0,FIND("/",SUBSTITUTE(A2,".","/",B2)))
```

ह्यातील मर्म `SUBSTITUTE` च्या चौथ्या जागी लिहिलेल्या `B2` मध्ये आहे. ही चौथी जागा रिकामी ठेवली तर सर्वच टिंबांच्या रेघा होतात. तेथे संख्या लिहिली तर तितक्याव्याच टिंबाची रेघ होते, बाकीची टिंबे जशीच्या तशी राहतात. `B3` मध्ये ४ आहे, म्हणून तिसऱ्या ओळीत चौथेच टिंब बदलते. नंतर `FIND` त्या रेघेचे स्थान सांगते. तिसऱ्या ओळीत ते १६ येते.

सूत्राच्या आरंभी जी `IF` ची अट घातली आहे, ती टिंब नसलेल्या नावांसाठी आहे. सहाव्या ओळीत एकही टिंब नाही. "शून्यावे टिंब बदल" असे संगणकास सांगितले, तर तो `#VALUE!` सारखी चूक दाखवितो. अट घातल्यामुळे अशा नावास स्थान ० मिळते आणि पुढील काम अडत नाही.

खूण म्हणून तिरकी रेघच का निवडली, हेही सांगणे जरूर आहे. खूण अशी हवी की जी नावात आधीच असणार नाही. अन्यथा `FIND` ती आधीची खूण शोधून देईल. विंडोज प्रणालीत फाइलीच्या नावात तिरकी रेघ लिहू दिली जात नाही. काही जण ह्या कामी उभी रेघ वापरतात. तीही विंडोजमध्ये वर्ज्य आहे, परंतु देवनागरी टंकलेखनात तिच्यासारखाच दिसणारा दंड चुकून टंकला जाण्याचा संभव असतो. म्हणून तिरकी रेघ अधिक सोयीची. मात्र यादीत केवळ फाइलींची नावे असावीत. फोल्डरांच्या मार्गासह नावे उतरविलेली असतील, तर त्यांत तिरक्या रेघा असू शकतात; असा मार्ग आधी काढून टाकावा.

तिसरी पायरी: एक्स्टेन्शन घेणे

`D2` मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
=IF(C2=0,"नाही",LOWER(TRIM(MID(A2,C2+1,LEN(A2)))))
```

`MID` हे दिलेल्या स्थानापासून पुढील अक्षरे घेते. स्थान `C2+1` असे लिहिले, कारण टिंब स्वतः नको, त्याच्या पुढचे अक्षर हवे. किती अक्षरे घ्यावयाची हे ठाऊक नसल्याने नावाची संपूर्ण लांबीच दिली आहे. अक्षरे संपली की संगणक आपोआप थांबतो.

`TRIM` व `LOWER` ही दोन कार्ये सफाईसाठी आहेत. हाताने टंकलेल्या यादीत नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहून जाते. ती डोळ्यांस दिसत नाही, परंतु संगणकाच्या लेखी `pdf` आणि मोकळी जागा जोडलेले `pdf` हे दोन भिन्न शब्द होत. `TRIM` ती जागा काढून टाकते. `LOWER` हे इंग्रजी मोठी अक्षरे लहान करते; त्यामुळे पाचव्या ओळीतील `PDF` आणि दुसऱ्या ओळीतील `pdf` एकाच प्रकारात येतात.

आता `B2`, `C2` व `D2` ही तीन घरे निवडून त्यांची सूत्रे आठव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत. तक्ता असा भरेल.

```
ओळ   B   C    D
2    1   6    pdf
3    4   16   xlsx
4    4   20   jpeg
5    3   12   pdf
6    0   0    नाही
7    1   2    3री वाचन
8    2   10   exe
```

ही सूत्रे एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क व गूगल शीट्स ह्या तिन्हींत चालतात. सूत्र दुसरीकडून उतरवून चिकटविले असता कधी कधी अवतरणचिन्हे वळणदार होऊन येतात व सूत्र चालत नाही. अशा वेळी ती चिन्हे पुसून कळफलकावरून पुन्हा टंकावीत.

जे सूत्रास कळत नाही

आता सातव्या ओळीकडे लक्ष द्यावे. `इ.3री वाचन` ह्या नावास एक्स्टेन्शनच नाही. परंतु "इयत्ता" च्या संक्षेपाचे टिंब त्यात आहे. सूत्राने त्यालाच शेवटचे टिंब मानून `3री वाचन` असे उत्तर दिले. सूत्र चुकले असे म्हणता येत नाही. त्याने नियम पाळला. परंतु शेवटच्या टिंबानंतर जे आहे ते खरोखर एक्स्टेन्शन आहे की नाही, हे केवळ टिंबावरून ठरत नाही. तारखेने संपणाऱ्या `सहल.10.01.2025` अशा नावाचेही तसेच होईल. त्याचे एक्स्टेन्शन `2025` असे निघेल.

ह्याकरिता एक परीक्षेचा रकाना जोडणे अवश्य आहे. शाळांच्या कामात जी एक्स्टेन्शने येतात ती मोजकीच असतात. ती `G2` ते `G7` ह्या घरांत एकाखाली एक लिहून ठेवावीत: `pdf`, `jpg`, `jpeg`, `png`, `docx`, `xlsx`. नंतर `E2` मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढावे.

```
=IF(COUNTIF($G$2:$G$7,D2)>0,"ठीक","तपासा")
```

`COUNTIF` हे `D2` मधील शब्द आपल्या यादीत किती वेळा आहे ते मोजते. एकदाही नसेल तर त्या ओळीपुढे "तपासा" असे उमटते. `$` ह्या चिन्हांचे प्रयोजन असे की, सूत्र खाली ओढले तरी यादीची जागा सरकू नये. ती चिन्हे विसरली तर खालच्या ओळींत यादीच खाली सरकते, वरची एक्स्टेन्शने तिच्यातून निसटतात, आणि बरोबर ओळींपुढेही "तपासा" येऊ लागते. तक्त्याच्या खालच्या भागातच "तपासा" दाटीने दिसू लागले, तर प्रथम हीच चूक शोधावी.

उदाहरणातील सहावी, सातवी व आठवी ह्या तीन ओळींपुढे "तपासा" येईल. त्या तिन्हींचे कारण एकच नाही, आणि उपायही एकच नाही.

सहाव्या व सातव्या ओळीत एक्स्टेन्शन नाही. ह्याचे नेहमीचे कारण फाइलीत नसून यादी करण्यात असते. विंडोज प्रणाली परिचित प्रकारांची एक्स्टेन्शने पडद्यावर दाखवीत नाही, अशी तिची मुळातील मांडणी आहे. पडद्यावर `इ.3री वाचन` एवढेच दिसते; यादी करणारा तेवढेच उतरवून घेतो. म्हणून यादी करण्यापूर्वी फाइल एक्सप्लोररच्या `View` ह्या यादीतील `File name extensions` ह्यापुढे खूण करून घ्यावी. विंडोज ११ मध्ये ही खूण `View` मधील `Show` ह्याखाली सापडते. मग खरे नाव `इ.3री वाचन.docx` असे असल्याचे दिसून येईल. यादीतील नाव दुरुस्त केले की सूत्र आपोआप बरोबर उत्तर देईल. पडद्यावर एक्स्टेन्शन न दिसताच ते अंदाजाने लिहून टाकणे मात्र सर्वथा टाळावे.

आठव्या ओळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. `दाखला.pdf.exe` ही फाइल वरवर पाहता दाखला वाटते. एक्स्टेन्शने लपविलेल्या संगणकावर तिचे नाव `दाखला.pdf` असेच दिसेल. कारण लपते ते शेवटचे एक्स्टेन्शन. वास्तविक ती दाखला नसून चालविण्याचा प्रोग्रॅम आहे. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या "आय लव्ह यू" ह्या संगणक-विषाणूने नेमका हाच मार्ग धरला होता. त्याच्या फाइलीचे नाव `LOVE-LETTER-FOR-YOU.TXT.vbs` असे होते. पुष्कळांस शेवटचे `vbs` दिसले नाही. साधे पत्र समजून त्यांनी ते उघडले आणि विषाणू चालू झाला. पहिल्या टिंबावर विसंबणारे सूत्रही अशा नावाचे एक्स्टेन्शन `pdf.exe` असे देते व घाईत वाचणाऱ्यास त्यातील `pdf` तेवढे दिसते. शेवटचे टिंब पाहणारे सूत्र मात्र `exe` असे स्पष्ट सांगते. अशी फाइल उघडू नये, पुढेही पाठवू नये. ज्या शाळेकडून ती आली, तेथील शिक्षकांस कळवून मूळ कागद पुन्हा मागवावा.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवली पाहिजे. एक्स्टेन्शन ही फाइलीवर लावलेली चिठ्ठी आहे, आतील माल नव्हे. छायाचित्राच्या फाइलीचे नाव बदलून `jpg` च्या जागी `pdf` लिहिले, तर यादीत ती पीडीएफ म्हणून मोजली जाईल व परीक्षेच्या रकान्यात "ठीक" असेही येईल. परंतु पुढील ठिकाणी ती उघडताना पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम ती नाकारील. सूत्राने हा दोष कळत नाही. फाइल उघडून पाहणे हाच त्यावर उपाय. ज्या कागदांवर विद्यार्थ्याचे काही हित अवलंबून आहे, ते तरी प्रत्येकी उघडून पाहावेत.

गोषवारा व पडताळा

एक्स्टेन्शने एका रकान्यात आली म्हणजे प्रकारवार संख्या काढणे सोपे होते.

```
=COUNTIF($D$2:$D$8,"pdf")
```

ह्या सूत्राचे उत्तर २ येते. `xlsx` एक, `jpeg` एक, आणि "तपासा" अशा ओळी तीन. बेरीज सात होते, आणि यादीतील नावेही सातच आहेत. हजेरीपत्रकात उपस्थित व अनुपस्थित यांची बेरीज पटाशी जुळवून पाहण्याची जी सवय शिक्षकांस आहे, तीच येथे उपयोगी पडते. बेरीज जुळली नाही तर एखादा प्रकार मोजावयाचा राहिला आहे, असे समजावे. `jpg` व `jpeg` ही एकाच प्रकारच्या छायाचित्राची दोन एक्स्टेन्शने असल्यामुळे गोषवाऱ्यात त्यांची संख्या एकत्र दाखवावी. "तपासा" च्या ओळी शून्यावर आल्याखेरीज गोषवारा पुढे पाठवू नये.

मायक्रोसॉफ्ट ३६५ अथवा एक्सेल २०२४ ज्यांच्याकडे आहे, त्यांस पहिल्या तीन पायऱ्यांऐवजी पुढील एकच छोटे सूत्र पुरते.

```
=TEXTAFTER(A2,".",-1)
```

ह्यातील `-1` चा अर्थ "शेवटून पहिले टिंब" असा आहे. टिंब नसलेल्या नावास हे सूत्र `#N/A` असे दाखविते. जुन्या एक्सेलमध्ये हे कार्य नाही. म्हणून अनेक शाळांत फिरणाऱ्या तक्त्यात तीन पायऱ्यांची रीतच ठेवावी. सूत्र कोणतेही घेतले तरी परीक्षेचा रकाना गाळू नये. कारण `इ.3री वाचन` ह्या नावापुढे नवे सूत्रही जुन्याइतकेच फसते.

स्वाध्याय

पुढील चार नावे प्रथम कागदावर सोडवावीत. प्रत्येकात टिंबे किती, शेवटचे टिंब कितवे व त्यापुढे काय आहे, ते लिहावे. नंतर ती `A9` पासून तक्त्यात भरून सूत्रे खाली ओढावीत व उत्तरे ताडून पाहावीत.

```
शा.व्य.समिती.सभा.docx
दाखला.pdf.pdf
सहल.10.01.2025
पोषण आहार.मार्च.JPG
```

पहिल्याची टिंबे चार असून एक्स्टेन्शन `docx` आहे. दुसऱ्याची टिंबे दोन व एक्स्टेन्शन `pdf`. एक्स्टेन्शन दिसत नसल्याने कोणीतरी ते पुन्हा टंकल्याची ही खूण होय. तिसऱ्याची टिंबे तीन, उत्तर `2025` व परीक्षेच्या रकान्यात "तपासा". त्याचे खरे नाव मूळ फोल्डरात जाऊन पाहावे लागेल. चौथ्याची टिंबे दोन व एक्स्टेन्शन `jpg`. गोषवाऱ्याच्या सूत्रातील `$D$8` च्या जागी आता `$D$12` लिहिण्यास विसरू नये. अन्यथा नव्या चार ओळी मोजणीतून सुटतील आणि बेरीज जुळणार नाही.